गायीला य, आईला ई

नमस्कार श्रोतेहो.

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, कारण आज मी जे सांगणार आहे ते नुसतं ऐकून कळत नाही. आता मी म्हणते, 'गाईचं दूध'. आणि पुन्हा म्हणते, 'गायीचं दूध'. काही फरक जाणवला? नाही ना. मलाही बोलताना जाणवला नाही. पण कागदावर दोन वेगळे शब्द उमटतात. एकात ग ला काना आणि पुढे सुटी दीर्घ ई. दुसऱ्यात ग ला काना आणि पुढे य ला दुसरी वेलांटी. यातलं कोणतं लिहायचं?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो इथे इंदूरच्या रामबागेत, आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेच्या वेळी. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे होतं. एका वयस्क काकांनी जुन्या इंदूरमधल्या आपल्या वाड्यावर लेख दिला होता: मागच्या अंगणातला गोठा, धारा काढणारी आजी, दारात उभी राहणारी कपिला. लेख दोन पानांचा, आणि त्यात गाय तीन प्रकारे आली होती. 'तीन गाई होत्या' असं पहिल्या परिच्छेदात, पुढे 'गायींना आंबोण', मग 'गाईंच्या गळ्यातल्या घंटा', आणि एका ठिकाणी चक्क 'गायचे दूध'. अक्षरजुळणी करणारा तरुण हिंदीभाषक, पण मराठी पत्रिका जुळवून हात बसलेला. त्याने फोन केला, "ताई, गाय के आगे क्या रखूँ, बड़ी ई या यी? जो बोलोगे सब जगह कर दूँगा."

सब जगह एकच करायचं, हे त्याचं अगदी बरोबर होतं. पण काय करायचं ते सांगण्याआधी मला विचार करावा लागला.

आधी त्या शेवटच्या रूपाबद्दल बोलते, कारण ते खास आपल्याकडचं आहे. आपल्या घरांतून मी रोज ऐकते, 'पहिली पोळी गायला दे', 'गायचं दूध उतू गेलं'. हिंदीत 'गाय को', 'गाय का' म्हणताना गाय बदलत नाही, ती सवय आपल्या मराठीत उतरते. मराठीत मात्र प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो. भिंत, पण भिंतीला. म्हैस, पण म्हशीला. तशी गाय, पण गायीला. ही ई गाळली की शब्द भलतीकडे जातो. 'गायला' म्हणजे गाण्यासाठी. तिला गायला बोलावलं. 'गायचे' म्हणजे म्हणायचे. भजन गायचे आहे. आपण दुधाबद्दल बोलत असतो आणि कागदावर गाणं उमटतं. म्हणून 'गायचे दूध' मी पहिल्यांदा खोडलं, त्याबद्दल मनात काही शंका नव्हती.

राहिली दोन रूपं, गाई आणि गायी. कान इथे मदत का करत नाही, ते एकदा स्वतः करून बघा. 'य' म्हणताना जीभ टाळूजवळ जाते. 'ई' म्हणतानाही ती जवळजवळ तिथेच असते. म्हणून य च्या पाठोपाठ ई आली की जिभेला हलायला जागाच उरत नाही आणि य ई मध्ये विरून जातो. आता 'सुया' म्हणा. इथे य च्या पुढे आ आहे, जीभ वरून खाली येते, आणि य स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे य ची साक्ष काढायची तर ई च्या शेजारी काढून उपयोग नाही.

मग साक्ष कुठे काढायची? मला ती अनेकवचनात सापडली. आपल्याकडे ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द खूप आहेत. सुई, कढई, चटई, समई, लढाई. यांचं अनेकवचन काय होतं? सुया, कढया, चटया, समया, लढाया. आईचंसुद्धा आया होतं. शाळेच्या फाटकाशी आया उभ्या होत्या, असं आपण म्हणतो. या शब्दांचा मूळ शेवट ई आहे आणि अनेकवचनात त्या ई चा य होऊन पुढे आ येतो. आता गायीकडे या. गाय हा शब्द मुळात 'गाई' असता, तर चार 'गाया' चरत आहेत असं म्हटलं असतं. तसं आपण म्हणत नाही. चार गायी म्हणतो, जशा चार भिंती, चार म्हशी. भिंत मधला शेवटचा त आपण पूर्ण उच्चारत नाही, तो व्यंजनासारखा संपतो, आणि अनेकवचनात त्याला ई लागते: त ची ती. गाय मधला य तसाच संपतो, आणि त्याला ई लागली की य ची यी. आजच्या मराठीत हा य शब्दाचा स्वतःचा आहे, ई लागताना मध्ये घुसलेला नाही.

हीच चाल सोय आणि सवय या शब्दांची. सोय, सोयी. सवय, सवयी. 'चांगल्या सवयी' लिहिताना य गाळावा असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. 'सोयीस्कर' मात्र कुठे य ने, कुठे नुसत्या ई ने छापलेलं दिसतं.

उलट्या बाजूने बघा. 'मी गाणं गाईन', 'ती उद्या जाईल', 'पाऊस होईल'. इथे कुणी ईच्या जागी यी लिहिली, तर ते चूक. कारण धातू गा, जा, हो. यांत य नाही, प्रत्ययाची ई थेट येऊन लागते. शाळेत आपण शिकलो ते 'जाऊन' आणि 'धावून' याच न्यायाने चालतं: जा मध्ये व नाही म्हणून ऊ, धाव मध्ये व आहे म्हणून वू. तेव्हा गाईन मध्ये ई आणि गायी मध्ये यी, हे दोन्ही एकाच तत्त्वाने बरोबर आहेत. प्रत्यय बाजूला काढा आणि उरलेल्या शब्दाच्या शेवटी य आहे का ते बघा.

त्या लेखात याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. काकांनी आजीच्या हातच्या दह्याबद्दल लिहिलं होतं, आणि जुळणीत ते 'साईचे दही' असं आलं होतं. दुधावरची ती साय, तिचं दही सायीचे, य ला दुसरी वेलांटी. साई लिहिलं की वाचणाऱ्याला शिर्डी आठवते. पायी आणि पाई हीसुद्धा अशीच जोडी. पायी म्हणजे चालत, त्यात पाय आहे. पाई म्हणजे जुनं नाणं, त्यात पाय नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या कसोटीला दाद देत नाहीत. स्थायी घ्या. मूळ धातू स्था, त्यात य दिसत नाही, म्हणून कुणी 'स्थाई' लिहील. इंदूरच्या हिंदी पाट्यांवर ते मी पाहिलंही आहे. पण संस्कृतात अशा आकारान्त धातूंना शेवटची ई देणारा प्रत्यय लागताना मध्ये य येतो: स्थायी, दायी, अनुयायी. खात्री करायची असेल तर पुढे त्व लावून बघा. स्थायित्व, दायित्व. ई ऱ्हस्व होते आणि य उघडा पडतो. हिंदीच्या मानक वर्तनीतही गयी, नयी ऐवजी गई, नई लिहायला सांगितलं आहे, पण स्थायी आणि दायित्व यांतला य तसाच ठेवला आहे, कारण तो शब्दाचा मूळ भाग आहे. आपल्या ज्या मुलांचं शिक्षण हिंदीतून होतं, त्यांना हे एवढं सांगितलं तरी दोन्ही भाषांत उपयोगी पडतं.

मग 'गाई' चूक का? मी तरी चूक म्हणणार नाही. मराठीत गाई पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं आहे आणि आजही चांगल्या लिहिणाऱ्यांच्या हातून येतं. त्याच्या मागे इतिहासही आहे. संस्कृत 'गौः' या शब्दाची लोकांच्या तोंडी जी रूपं होती ती पतंजलीने महाभाष्यात नोंदवली आहेत: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. शुद्ध शब्द कोणता आणि अपभ्रंश कोणता, हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी समजावताना त्याने उदाहरण घेतलं ते गायीचंच! त्या यादीतल्या पहिल्या 'गावी'तला व प्राकृतात गळला आणि 'गाई' झालं. त्या गाईची शेवटची ई पुढे आखडली आणि आपली 'गाय' झाली. म्हणजे इतिहासात बघितलं तर ई आधीची आणि य नंतरचा. जो गाई लिहितो तो नकळत त्या जुन्या रूपाला धरून असतो.

पण आज मराठी बोलणाऱ्याच्या मनात मूळ शब्द 'गाय' आहे. गायरान आहे, एकवचनात 'गाय व्यायली' आहे. शिवाय 'गाई' या अक्षरांना आणखी एक अर्थ आहे: ती रोज पहाटे ओव्या गाई, म्हणजे गात असे. म्हणून मी गायी, गायीला, गायींना या बाजूची. दुसऱ्या कुणी सगळीकडे गाई, गाईला, गाईंना ठेवलं तर मी त्याला हात लावत नाही. एकाच लेखात दोन्ही मात्र मी राहू देत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं की या दोन रूपांत अर्थाचा काही भेद असेल, आणि तो उगाच अडखळतो.

मी त्या तरुणाला उलट फोन केला. सगळीकडे यी ठेव, दह्याच्या ठिकाणी सायी कर, आणि 'गाईन' कुठे आलं तर त्याला हात लावू नकोस, हेही सांगितलं. ते सांगितलं म्हणून बरं झालं. संगणकावर एका फटक्यात 'गाई' शोधून 'गायी' करायला तो बसलाच होता, आणि शेवटच्या पानावरच्या आरतीमंडळाच्या सूचनेत 'मी गाईन म्हणणाऱ्यांनी पुढे यावे' असं काहीसं वाक्य होतं. त्याचं 'गायीन' झालं असतं.

दुसऱ्या मुद्रितात काकांचा लेख नीट आला. फक्त बालविभागात तिसरीतल्या एका मुलीची कविता होती, तिने आई, ताई आणि गाई असं यमक जुळवलं होतं. त्या तरुणाने विचारलं, "ताई, यहाँ भी यी?" मी ती कविता पुन्हा वाचली. आई च्या खाली ताई, ताई च्या खाली गाई, तिन्ही ओळींच्या शेवटी तीच मोठी ई तिने वहीत टपोऱ्या अक्षरात काढली होती. तिथे मी 'गाई' तसंच राहू दिलं, आणि पानाच्या कडेला त्याच्यासाठी पेन्सिलीने लिहिलं, 'बदलू नये'.