मीठ, साखर आणि पाण्याची मोकळीक

(पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

लोणच्याला मीठ थोडे पुरते आणि जॅमला साखर मात्र फळाच्या बरोबरीने का लागते, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. ते मी सांगणारही आहे. पण आधी माझे एक जुने गाऱ्हाणे ऐकून घ्यावे लागेल. तुमच्या असाइनमेंटच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : ‘मीठ व साखर पदार्थातील पाणी शोषून घेतात, त्यामुळे पदार्थ कोरडा होऊन टिकतो.’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जात आहे, आणि ते उतरवणाऱ्याने समोरच्या बरणीत डोकावून पाहिलेले नसते. लोणच्यात खार सुटलेला असतो. फोडींतले पाणी बाहेर आले हे खरे, परंतु ते बरणीबाहेर गेलेले नाही. जॅममध्ये साधारण एक तृतीयांश वजन पाण्याचेच असते. मग कोरडे झाले ते काय?

पाणी आहे, पण ते जंतूंच्या उपयोगाचे राहिलेले नाही, एवढाच याचा अर्थ आहे. हा उपयोग मोजायचा कसा? बंद भांड्यात पदार्थ ठेवला, तर त्याच्यावरच्या हवेत पाण्याच्या वाफेचा काही दाब तयार होतो. त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावर जो दाब असतो, त्याने या दाबाला भागले की जी संख्या मिळते ती जलक्रियता, म्हणजे वॉटर अॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1 असते. द्रावणात विरघळलेल्या कणांमुळे पाण्याच्या रेणूंची निसटून जाण्याची प्रवृत्ती घटते, म्हणून ही संख्या खाली येते. (काही जण याला ‘बांधलेले पाणी’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो, कारण त्यातून पाणी कुठेतरी कुलूपबंद असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याचे रेणू सतत जागा बदलत असतात.)

पाणी अधिक जलक्रियतेकडून कमी जलक्रियतेकडे जाते. त्यामुळे खारात पडलेल्या जंतूच्या पेशीतून पाणी बाहेर जाऊ लागते, आणि ते थोपवण्यासाठी पेशीला आत प्रोलीन किंवा ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवावी लागतात. त्यात ऊर्जा इतकी खर्च होते की वाढ मंदावते आणि एका मर्यादेखाली थांबते. जंतू मरतोच असे नाही, हे ध्यानात ठेवा. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी 1953 मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची वाढ जलक्रियतेशी कशी बांधलेली आहे हे दाखवले. त्याची मर्यादा सुमारे 0.86 आहे, बोट्युलिझमचा जंतू 0.94 च्या आसपासच थांबतो, तर बहुतेक बुरशा 0.80 पर्यंत तग धरतात.

घड्याळ माझ्याकडे रोखून पाहते आहे, तेव्हा कबूल केलेला भाग आता घाईने.

जलक्रियता कणांच्या वजनावर नव्हे, संख्येवर ठरते. मिठाच्या एका मोलचे वजन सुमारे 58 ग्रॅम आणि त्याचे दोन आयन होतात. साखरेच्या एका मोलचे वजन 342 ग्रॅम आणि तिचा रेणू अखंड राहतो. म्हणजे वजनास वजन मीठ सुमारे बारा पट कण देते. समजा, 1 किलो फोडींत 850 ग्रॅम पाणी आहे आणि आपण 100 ग्रॅम मीठ घातले. ते पूर्ण मुरल्यावर जलक्रियता साधारण 0.93 येते; तेवढीच साखर घातली असती तर ती 0.99 च्या वरच राहिली असती. पण 0.93 वर बुरशी थांबत नाही. ती थांबवण्यासाठी लोणच्यात आम्लता आणि वरचा तेलाचा थर लागतो. तेल जलक्रियता उतरवत नाही. ते बुरशीला लागणारी हवा अडवते. म्हणून फोड तेलाच्या वर आली की बुरशी तिथूनच सुरू होते.

जॅममध्ये साखर 65 टक्क्यांच्या घरात नेली, तर नुसत्या कणांच्या हिशेबाने जलक्रियता 0.91 यायला हवी. प्रत्यक्षात ती 0.87 च्या आसपास उतरते, कारण साखरेचा प्रत्येक रेणू भोवती पाण्याचे काही रेणू धरून ठेवतो. शिवाय उकळताना आम्लामुळे काही साखर ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि कणांची संख्या वाढते, त्यामुळे आकडा आणखी खाली येतो. तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विरघळलेले घन पदार्थ कळतात, जलक्रियता नव्हे. ती मोजायला दवबिंदूवर चालणारे उपकरण लागते.

आणि गरम जॅम भरून झाकण लावल्यावर झाकणाच्या आतून वाफेचे थेंब पृष्ठभागावर पडले, तर तेवढ्या पातळ थरात जलक्रियता 0.95 च्याही वर जाऊ शकते. खालचा सगळा जॅम निर्दोष असतानाही बुरशीचे ठिपके वरच दिसतात, त्याचे एक कारण हेच आहे.