देय तारीख ते दावा: परदेशी खरेदीदार थकला की विमा कंपनीला काय कळवायचं

(पुण्यात लघुउद्योजक आणि त्यांच्या हिशेबनिसांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज मी फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे. परदेशातल्या बायरनं पैसे थकवले की आपण निर्यात पतविमा कंपनीला जी सूचना पाठवतो, तो हा कागद. त्याच्यासोबत थकलेल्या बिलांची तारीखवार यादी जाते. माझा अनुभव असा आहे की दावा मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या यादीतच ठरलेलं असतं. बायर दिवाळखोर निघाला, विमाही होता, प्रीमियमही वेळेवर भरलेला होता, आणि तरी पैसे मिळाले नाहीत, अशा तक्रारी तुम्ही ऐकल्या असतील. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत तारखा नीट लावून पाहिल्या की उत्तर समोर येतं.

एक उदाहरण घेऊ. भोसरीतला एक कारखाना ॲल्युमिनियमचे मशीन केलेले कास्टिंग्ज जर्मनीतल्या एका बायरला पाठवतो, असं समजा. पॉलिसी ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीची, कव्हर नव्वद टक्के, बायरवर पुरेशी क्रेडिट लिमिट, म्हणजे त्याच्यापोटी विम्याची कमाल रक्कम, मंजूर. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीनं माल घेतल्याच्या पावतीच्या, तारखेपासून ६० दिवसांत द्यायचे. माल न्हावा शेवाहून जातो.

पहिल्या इन्व्हॉइसचं बिल ऑफ लेडिंग १० जानेवारी २०२५ चं, रक्कम ४२,००० युरो. साठ दिवस मोजले की ड्यू डेट ११ मार्च. दुसरं ५ फेब्रुवारीचं, ३८,५०० युरो, ड्यू डेट ६ एप्रिल. तिसरं १२ मार्चचं, ४०,००० युरो, ड्यू डेट ११ मे. चौथं १८ एप्रिलचं, ३६,००० युरो. पहिल्या बिलाचे पैसे ११ मार्चला आले नाहीत.

ड्यू डेट कुठून मोजायची, यावर इथे थोडं थांबतो. ती ऑर्डरवर आणि इन्व्हॉइसवर जी अट छापली आहे तिथूनच मोजायची. इन्व्हॉइसची तारीख, बिल ऑफ लेडिंगची तारीख आणि बायरनं हुंडी स्वीकारल्याची तारीख यांत आठवडा-दोन आठवड्यांचा फरक सहज पडतो. आपल्या टॅलीत एक तारीख, बँकेकडे दुसरी आणि विमा कंपनीच्या घोषणेत तिसरी असेल, तर दावा तपासणारा अधिकारी तिथेच अडतो. आणि त्याचं अडणं बरोबर असतं, कारण पुढची प्रत्येक मुदत याच तारखेला बांधलेली असते.

आता पहिला उंबरठा येतो, तीस दिवसांचा. ११ मार्चनंतर तीस दिवस म्हणजे १० एप्रिल. ड्यू डेट उलटून तीस दिवस होऊनही पूर्ण किंवा काही रक्कम बाकी असेल, तर त्या महिन्याच्या अखेरीची थकबाकी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायची असते. म्हणजे पहिलं बिल एप्रिलच्या यादीत येतं आणि ती यादी १५ मेपर्यंत पोचली पाहिजे. दुसरं बिल मेच्या यादीत, तिसरं जूनच्या. बायर जुना आहे, ओळखीचा आहे, पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला आहे, अशा कारणांनी ही नोंद लांबवली जाते. थकबाकी कळवली म्हणून बायरची बदनामी होत नाही. न कळवल्यानं आपला हक्क मात्र पातळ होतो.

याच उंबरठ्याला दुसरी आणि जास्त महाग गोष्ट जोडलेली आहे. बायरची थकबाकी तीस दिवसांच्या पुढे गेली की विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला नवा माल पाठवायचा नसतो. पाठवला तर त्या शिपमेंटला कव्हर नाही. आपल्या यादीत तिसरं शिपमेंट १२ मार्चला गेलं, तेव्हा पहिलं बिल फक्त एक दिवस थकलं होतं. ते कव्हरमध्ये आहे. चौथं १८ एप्रिलला गेलं. मर्यादा १० एप्रिलला संपली होती. ३६,००० युरोचा माल आठ दिवसांच्या फरकानं विम्याबाहेर गेला. कारण नेहमीचंच असतं: अकाउंट्सला माहीत असतं की पैसे आलेले नाहीत, डिस्पॅचला माहीत असतं की कंटेनर बुक झाला आहे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून कंटेनर भरण्याआधी त्या बायरची थकबाकी पाहून सही करणारा एक माणूस नेमा. माल तयार असेल तर परवानगी मागा, नाहीतर आगाऊ पैशांवर पाठवा.

मधल्या काळात बायर काय करतो तेही पाहू. २० मार्चला त्याची मेल येते: ‘आमच्या ग्राहकाकडून पैसे अडकले आहेत, मेअखेरपर्यंत थांबा.’ आपला मालक भल्या मनानं उत्तर देतो, ‘ठीक आहे, थांबतो.’ हे दोन शब्द देय तारीख बदलणारे ठरू शकतात. मुदतवाढ द्यायची असेल तर ती पॉलिसीच्या अटींत बसते का ते आधी पाहावं, परवानगी लागत असेल तर ती घ्यावी, बँकेलाही कळवावं. तोवर उत्तर इतकंच: विनंती मिळाली, मूळ देय तारीख कायम आहे, आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत. भाषा सौम्य ठेवता येते. तारीख सोडता येत नाही.

२ मे रोजी बायर १५,००० युरो पाठवतो आणि लिहितो की हे एप्रिलच्या मालाचे आहेत. म्हणजे चौथ्या, कव्हर नसलेल्या बिलाचे. निर्यातदाराला हे सोयीचं वाटतं: विमा नसलेलं बिल कमी झालं, विमा असलेली तिन्ही पूर्ण उभी राहिली. पण पतविम्याच्या पुष्कळ पॉलिसींत आलेले पैसे आधी सर्वांत जुन्या थकबाकीत धरायचे असतात, बायरनं काहीही लिहिलेलं असो. आपल्या पॉलिसीतलं ते कलम वाचा. मी इथे जुन्या बिलात धरतो: पहिल्या बिलाची बाकी २७,००० युरो. आणि बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संगणक प्रणालीत, तेच पैसे ज्या शिपिंग बिलासमोर, म्हणजे कस्टम्सकडच्या निर्यातीच्या कागदासमोर, लागले आहेत, ते दाव्याच्या यादीशी जुळतं का हे तपासा. दोन्हीकडे वेगळी नोंद असेल तर लपवालपवीचा संशय येतो, हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

आता सूचना लिहू. ती लांबलचक लागत नाही. पॉलिसी क्रमांक, बायरचं नाव आणि क्रेडिट लिमिटच्या मंजुरीचा तपशील दिल्यावर मजकूर साधारण असा: ‘वरील बायरकडून तीन इन्व्हॉइसचे पैसे देय तारखेनंतर मिळालेले नाहीत. प्रत्येकाची शिपमेंटची तारीख, देय तारीख, रक्कम, मिळालेली रक्कम आणि बाकी सोबत दिली आहे. २ मे रोजी आलेले १५,००० युरो सर्वांत जुन्या इन्व्हॉइसमध्ये धरले आहेत. १८ एप्रिलचं ३६,००० युरोचं चौथं शिपमेंट थकबाकी तीस दिवसांपुढे गेल्यावर झालं असून त्याचा दावा करत नाही. बायरनं ९ जूनला गुणवत्तेबद्दल मेल केली आहे, ती आणि आमचं उत्तर जोडलं आहे. वसुलीसाठी आजवर केलेली कारवाई सोबत आहे. पुढील सूचना द्याव्यात.’

चौथं शिपमेंट आणि ९ जूनची मेल मी मुद्दाम घातली. बायरवरची एकूण बाकी लपवून केलेला दावा पुढे बाकी कागदांनाही संशयात ओढतो. आणि मेल तर दाव्याचा कणा मोडू शकते. समजा बायरनं लिहिलं की मार्चच्या लॉटमध्ये कास्टिंगला पोरॉसिटी, म्हणजे आत बारीक छिद्रं, होती, म्हणून पैसे देत नाही. पतविमा बायर पैसे देत नाही याचा असतो. मालाबद्दलचा वाद त्यात येत नाही. वाद उभा राहिला की ईसीजीसीच्या अटींनुसार साधारणपणे बायरच्या देशातल्या सक्षम न्यायालयाचा निवाडा आपल्या बाजूनं लागल्याशिवाय तो तोटा भरून मिळत नाही. जर्मनीतला खटला म्हणजे वेळ आणि वकिलाची फी. त्यामुळे अशा मेलला त्याच दिवशी, मुद्देसूद उत्तर गेलं पाहिजे. माल रवाना होण्यापूर्वीचा तपासणी अहवाल जोडा. माल मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत तक्रार आली नव्हती हे लिहा. २० मार्चच्या मेलमध्ये बायरनं गुणवत्तेचा शब्दही काढला नव्हता, पैसे अडकल्याचं कारण दिलं होतं, हे तारखेसह दाखवा. मार्चचा माल तोवर पोचला नसेल, पण पैसे तेव्हाही थकलेच होते. आणि २ मेला त्यानं तक्रार न करता रक्कम पाठवली. पैसे मागायला लागल्यावर उगवलेली तक्रार आणि खरी तक्रार यांतला फरक ओळखायला हा क्रमच उपयोगी पडतो. तक्रार खरी असेल तर मात्र विम्याकडे बघू नका. ती बायरशीच मिटवा.

यानंतर वाट पाहण्याचा काळ. बायर फक्त पैसे देत नसेल, दिवाळखोरी जाहीर झालेली नसेल, तर देय तारखेपासून साधारणपणे चार महिने जावे लागतात. पहिल्या बिलाचे ११ जुलैला पूर्ण होतात, दुसऱ्याचे ६ ऑगस्टला, तिसऱ्याचे ११ सप्टेंबरला. या काळात स्वस्थ बसायचं नसतं. बँकेमार्फत तगादा, हुंडी असेल तर तिचं प्रोटेस्ट म्हणजे ती न वटल्याची अधिकृत नोंद, वसुली एजंट, आणि प्रत्येक पावलाचा कागद. मध्येच बायर दिवाळखोरीत गेला तर चित्र बदलतं: चार महिन्यांची वाट राहत नाही, पण न्यायालयानं नेमलेल्या प्रशासकाकडे आपली रक्कम मुदतीत नोंदवून ती मान्य करून घ्यावी लागते. ही नोंद चुकली तर विमा कंपनीच्या हाती वसुलीसाठी काही उरत नाही, आणि तिचा तोटा आपल्याकडे वळतो. दावा दाखल करायची अखेरची मुदतही असते. ती आपल्या पॉलिसीत वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हिशेब करू. तीन बिलांची बेरीज १,२०,५०० युरो. आलेले १५,००० वजा. बाकी १,०५,५००. त्याचे नव्वद टक्के ९४,९५० युरो, आणि ते रुपयांत मिळतात. उरलेले १०,५५० आपले, शिवाय चौथ्या बिलाचे ३६,०००. बिलांवर बँकेनं आधीच पैसे दिलेले असतील तर दाव्याची रक्कम बहुधा बँकेच्या कर्जात जमा होते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

दावा मिळाला म्हणून वसुली संपत नाही. ती आपल्यालाच चालू ठेवायची असते, आणि नंतर तीन बिलांपोटी २०,००० युरो आले तर वसुलीचा खर्च वगळून तोटा ज्या प्रमाणात सोसला त्याच प्रमाणात वाटणी होते: १८,००० विमा कंपनीचे, २,००० आपले. दावा मंजूर झाल्याचं पत्र बँकेला दिलं की तीन शिपिंग बिलांच्या नोंदी बंद करायला आधार मिळतो. चौथं बिल मात्र ईडीपीएमएसमध्ये उघडंच राहतं. त्यासाठी वसुलीचे पुरावे घेऊन बँकेकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो निकाली निघेपर्यंत दर वेळी बँक त्याच ३६,००० युरोंबद्दल विचारत राहते.