लॅक्टोमीटरवर ३० दिसले, तरी दुधात पाणी असू शकते

नमस्कार. माझ्यासमोर दुधाची तीन उभी नळकांडी आहेत आणि तिन्हींत एकाच बनावटीचे लॅक्टोमीटर तरंगत आहेत. (कॅमेरा दांडीवरच्या पट्टीजवळ.) तिन्ही पट्ट्यांवर दुधाची पातळी ३० या आकड्यालाच लागलेली आहे. पहिल्या नळकांड्यात गाईचे निर्भेळ दूध आहे, दुसऱ्यात म्हशीचे निर्भेळ दूध आहे आणि तिसऱ्यात मी स्वतः पाणी मिसळलेले आहे, मिश्रणाच्या दर लिटरमागे सुमारे १३० मिलिलिटर. आकडा एकच असताना तिसऱ्यातले पाणी पकडायचे कसे, हे आज पाहू.

आधी या आकड्याचा अर्थ समजून घेऊ. लॅक्टोमीटर म्हणजे खालच्या फुग्यात वजन भरलेली बंद काचेची नळी. तिने बाजूला सारलेल्या दुधाचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाइतके होईपर्यंत ती बुडते आणि मग थांबते. दूध जड असेल तर थोडेच दूध बाजूला सारून भागते, म्हणून नळी वर राहते; दूध हलके असेल तर ती अधिक बुडते. त्यामुळेच पट्टीवर लहान आकडे वर आणि मोठे आकडे खाली असतात. ३० म्हणजे घनता १.०३०, अर्थात एक लिटर दुधाचे वजन १,०३० ग्रॅम. पाण्याच्या १,००० ग्रॅमपेक्षा जास्त असलेले ३० ग्रॅम, तेवढेच हे उपकरण आपल्याला सांगते. बोलताना या आकड्याला डिग्री म्हणतात, पण तापमानाशी गोंधळ होऊ नये म्हणून मी त्याला अंक म्हणेन आणि तापमानाला अंश.

आता ९०० मिलिलिटर दुधात १०० मिलिलिटर पाणी घातले असे समजा. दुधाचे वजन ९२७ ग्रॅम, पाण्याचे १००, एकूण १,०२७. अंक ३० वरून २७ वर आला. मिश्रणात दर शंभर भागांमागे एक भाग पाणी असेल, तर अंक साधारण ०.३ ने उतरतो. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण पट्टीवर अर्ध्या अंकाहून बारीक वाचन विश्वासाने करता येत नाही; म्हणजे एक-दीड टक्का पाणी या उपकरणाला दिसतच नाही.

वाचलेला अंक मात्र लगेच वापरता येत नाही, कारण त्यात तापमान मिसळलेले असते. दूध तापले की प्रसरण पावते, तेवढ्याच वजनाला अधिक जागा लागते, घनता घटते आणि नळी खाली जाते. कोमट दूध त्यामुळे पाणी घातल्यासारखे भासते आणि पाणी घातलेले गार दूध निर्भेळ भासू शकते. प्रत्येक लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानाला बेतलेला असतो आणि ते तापमान पट्टीवर छापलेले असते. माझ्या हातातला १५.५ अंश सेल्सिअसचा, म्हणजे ६० अंश फॅरनहाइटचा आहे. काही २७ अंशांचे असतात, काही २९ अंशांचे. आपल्या नळीवरचा आकडा वाचल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये, कारण मापनातली सर्वांत मोठी चूक मी इथेच होताना पाहिली आहे.

दुरुस्तीचा नियम सोपा आहे. दूध छापील तापमानापेक्षा गरम असेल तर प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.२ अंक मिळवायचा आणि गार असेल तर तेवढाच वजा करायचा. दोन नमुन्यांत वाचन २७ आले असे समजा. एकाचे तापमान २०.५ अंश होते, म्हणून त्याचा दुरुस्त अंक २८, दुसऱ्याचे १०.५ अंश होते, म्हणून त्याचा २६. पट्टीवर सारख्या दिसलेल्या या दोन नमुन्यांत दोन अंकांचा फरक निघाला, आणि दोन अंक म्हणजे जवळपास सात टक्के पाणी. हा नियम छापील तापमानाच्या पाच-सहा अंश अलीकडे-पलीकडेच नीट चालतो. त्याहून दूर असलेल्या दुधाचे गणित करत बसण्यापेक्षा भांडे पाण्यात ठेवून दूध त्या तापमानाजवळ आणणे चांगले.

तापमानाबरोबर आणखी एक बाब सांभाळावी लागते. नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि त्यातली चरबी वितळलेली असते. ते निवू लागले की बुडबुडे निघून जातात, चरबी हळूहळू घट्ट होते आणि एकाच तापमानाला मोजले तरी घनता किंचित वाढते. म्हणून धार काढल्यावर निदान तासभर थांबावे. शीतपेटीतल्या दुधावर साय धरलेली असेल, तर ते सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करून, साय विरघळवून, मग निववावे. नमुना फेस न करता वर-खाली ओतून एकजीव करावा, नळकांड्याच्या कडेने काठोकाठ भरावा, कोरडी स्वच्छ नळी २५-३० च्या खुणेपर्यंत हाताने उतरवून मग सोडावी आणि ती भिंतीला न टेकता स्थिर झाल्यावर डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचावे. (नळी वर उचलून दाखवावी.) दांडीला चिकटून राहिलेला सायीचा हा पातळ थरदेखील नळीचे वजन वाढवतो आणि अंक खाली ओढतो, म्हणून दर नमुन्यानंतर ती धुवून पुसावी.

आता तीन नळकांड्यांकडे परत येऊ. दूध पाण्यापेक्षा जड असते ते त्यातल्या साखरेमुळे, प्रथिनांमुळे आणि क्षारांमुळे. यांना एकत्रितपणे एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ म्हणतात. दुधातला स्निग्धांश, म्हणजे फॅट, मात्र पाण्यापेक्षा हलका असतो. त्याची घनता ०.९३ च्या आसपास असते. एक बाजू अंक वर चढवते आणि दुसरी खाली ओढते, आणि लॅक्टोमीटरला फक्त त्यांची वजाबाकी दिसते. म्हशीच्या दुधात दोन्ही जास्त असल्यामुळे अंक गाईच्या दुधाइतकाच येऊ शकतो. तिसऱ्या नळकांड्यासाठी मी आधी दुधातली जवळजवळ सगळी मलई काढली. हलका भाग गेल्यामुळे अंक ३० वरून ३४.५ वर चढला. मग त्यात पाणी ओतून तो पुन्हा ३० वर आणला. मलई गेली, पाणी आले, तरी आकडा जागच्या जागी राहिला.

म्हणून दुरुस्त अंकाच्या जोडीला फॅटची टक्केवारी लागतेच. ती गर्बर नळीने किंवा यंत्राने काढून घ्यावी आणि दोन्ही आकडे रिचमंड या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाच्या सूत्रात घालावेत. हे सूत्र १५.५ अंशांच्या लॅक्टोमीटरसाठी आहे. इतर लॅक्टोमीटरसाठी शेवटचा स्थिरांक बदलतो.

```
एसएनएफ % = (दुरुस्त अंक ÷ ४) + (०.२ × फॅट %) + ०.१४
```

गाईच्या दुधाचे फॅट ४ आहे, म्हणून ७.५ अधिक ०.८ अधिक ०.१४, म्हणजे ८.४४. म्हशीच्या दुधाचे फॅट ७ आहे, त्याचे उत्तर ९.०४. तिसऱ्याचे फॅट जेमतेम ०.१ आहे आणि उत्तर ७.६६. मलई काढलेल्या दुधात एसएनएफचा टक्का मूळ दुधापेक्षा थोडा वरच असायला हवा, कारण हलका भाग गेल्यावर उरलेल्यात त्याचा वाटा वाढतो. इथे तो घटलेला आहे, आणि मलई काढून एसएनएफ घटत नाही. पाणी घातल्यानेच घटते.

आता एक पूर्ण उदाहरण सोडवू. एका गाईच्या दुधाचा संशयित नमुना आहे. वाचन २४.५, तापमान २०.५ अंश. पाच अंशांचा फरक, म्हणून एक अंक मिळवला आणि दुरुस्त अंक २५.५ आला. फॅट ३.४. सूत्राने ६.३८ अधिक ०.६८ अधिक ०.१४, म्हणजे ७.२. त्याच गाईचे दूध आपल्या डोळ्यांदेखत काढून घेतले, तेव्हा फॅट ४ आणि एसएनएफ ८.४४ होते. घट १.२४ ची आहे, तिला ८.४४ ने भागून शंभराने गुणले की १४.७ येते, म्हणजे मिश्रणात सुमारे १५ टक्के पाणी. फॅटही ४ वरून ३.४ वर, म्हणजे नेमके १५ टक्क्यांनी घटले आहे. दोन्ही घट सारख्या प्रमाणात आहेत, याचा अर्थ नुसते पाणी घातले आहे, मलई काढलेली नाही. फॅटची घट एसएनएफच्या घटीपेक्षा बरीच मोठी असती, तर मलईही काढल्याचा संशय आला असता. इथे १५ टक्के म्हणजे ८५० मिलिलिटर दुधात १५० मिलिलिटर पाणी. दुधाच्या हिशेबाने तेच प्रमाण १७.६ टक्के होते, म्हणून आकडा कशाच्या तुलनेत आहे ते नेहमी लिहून ठेवावे.

डोळ्यांदेखत काढलेला नमुना नसेल, तर हे उत्तर इतके ठाम राहत नाही. निर्भेळ दुधाचा अंकही जनावर, चारा आणि वेताचा काळ यांनुसार दोन-तीन अंकांनी मागे-पुढे होतो, आणि तेवढा फरक दहा टक्के पाण्याएवढा आहे. एकट्या २८ अंकावरून कोणाला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. अनेक जनावरांच्या एकत्रित दुधात हा चढउतार एकमेकांत मिसळून कमी होतो, म्हणून तिथे घटीचा अर्थ अधिक भरवशाचा असतो.

याच्या उलट फसवणूकही होते. आपल्या संशयित नमुन्यात लिटरमागे सुमारे १२ ग्रॅम साखर विरघळवली, तर अंक २५.५ वरून पुन्हा ३० च्या जवळ जातो आणि सूत्राने एसएनएफ ८.३ निघते. उपकरण चुकलेले नसते; दूध खरोखरच तेवढे जड झालेले असते. फॅट मात्र ३.४ वरच राहते. एसएनएफ शाबूत आणि फॅट घटलेले अशी जोडी दिसली, तर एक तर मलई काढली असेल, किंवा पाणी घालून वर काही विरघळवले असेल. या दोहोंतला फरक घनता सांगू शकत नाही. त्यासाठी दुधात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि रिसॉर्सिनॉल घालून नळी उकळत्या पाण्यात धरावी. साखर असेल तर लाल रंग येतो.