लॉग अक्षावरचे दोन बिंदू आणि त्यांच्यामधला वाढीचा दर
(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

मित्रहो, आजचा विषय अगदी अरुंद आहे. आपल्या मोबाइलवर एखाद्या आलेखाचा स्क्रीनशॉट येतो. त्याच्या डाव्या बाजूला 1,000, 10,000, 1,00,000 असे आकडे सारख्या अंतरावर लिहिलेले असतात आणि मूळ आकडेवारी कुठेही दिलेली नसते. अशा चित्रातील दोन बिंदूंच्या आधारे वर्षाला सरासरी किती टक्के वाढ झाली हे काढता येईल का? येईल, आणि वाटते त्यापेक्षा बरेच अचूक येईल, मात्र त्यासाठी डोळ्यांच्या सवयीला थोडे बाजूला ठेवावे लागेल.

आपल्या परिचयाच्या आलेखावर सारखे अंतर म्हणजे सारखी बेरीज. लॉग अक्षावर सारखे अंतर म्हणजे सारखा गुणाकार. ज्यांनी शाळेत लॉग टेबल वापरले आहे किंवा अभियांत्रिकीच्या जुन्या दिवसांत स्लाइड रूल सरकवला आहे, त्यांच्या हाताला ही गोष्ट ठाऊक आहे, कारण स्लाइड रूलवर दोन लांब्या जोडल्या की आकड्यांचा गुणाकार होत असे. 1,000 च्या रेषेपासून 10,000 च्या रेषेपर्यंत जेवढे अंतर असते, तेवढेच 10,000 पासून एक लाखापर्यंत असते. या अंतराला मी एक ‘दहापट’ म्हणेन. एका दहापटीच्या अंतरात 2 ची जागा मधोमध नसते, ती तळापासून 30 टक्के उंचीवर असते. 5 ची जागा 70 टक्के उंचीवर येते आणि मधोमध साधारण 3.16 असते.

इथेच पहिली आणि सर्वांत मोठी चूक होते. बिंदू 1,000 आणि 10,000 यांच्यामध्ये तीस टक्के उंचीवर दिसला, की सवयीने मनुष्य हिशेब करतो: मधले अंतर 9,000, त्याचे तीस टक्के 2,700, म्हणून किंमत 3,700. खरी किंमत 2,000 असते. म्हणजे 1,000 चे 2,000 झाले ही साधी दुप्पट वाचणाऱ्याला 3.7 पट वाटते. आता तीच दुप्पट 5,000 पासून 10,000 पर्यंत घ्या. त्याच चुकीच्या पद्धतीने 5,000 चा बिंदू सुमारे 7,290 वाचला जातो आणि वाढ जेमतेम 1.37 पट दिसते. दोन्ही ठिकाणी कागदावरचे अंतर अगदी सारखे, दोन्ही ठिकाणी वाढ दुप्पट, आणि वाचन मात्र एकदा 3.7 व एकदा 1.37. या चुकीला ठरलेली दिशा नाही, म्हणून ‘थोडे कमी धरू’ असे म्हणून ती दुरुस्तही करता येत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. मी मुद्दाम असे उदाहरण घेतले आहे ज्याचे खरे आकडे प्रसिद्ध आहेत, म्हणजे शेवटी आपले वाचन तपासता येईल. संगणकाच्या मायक्रोप्रोसेसरमध्ये किती ट्रान्झिस्टर बसतात याचा आलेख तुम्ही पाहिला असेल. तो जवळजवळ नेहमी लॉग अक्षावर काढतात. त्यातला खालचा बिंदू नोव्हेंबर 1971 मधला Intel 4004 आणि वरचा नोव्हेंबर 2000 मधला Pentium 4. या आलेखाचा स्क्रीनशॉट मी घरी संगणकावर साध्या Paint मध्ये उघडला. त्यात कर्सर जिथे नेऊ तिथले पिक्सेलचे स्थान खाली कोपऱ्यात दिसते. चित्रात पिक्सेल वरून खाली मोजतात, त्यामुळे वरच्या बिंदूचा आकडा लहान येतो. हे विसरले तर उत्तरात वाढीऐवजी घट निघते.

सुरुवात बिंदूंपासून करायची नाही, रेषांपासून करायची. 1,000 ची आडवी रेषा 602 वर होती आणि 10 कोटींची रेषा 152 वर. या दोहोंमध्ये पाच दहापटी आहेत, म्हणून एका दहापटीला 450 भागिले 5, म्हणजे 90 पिक्सेल. शेजारच्या दोन रेषा मोजूनही 90 मिळाले असते, पण दूरच्या रेषा घेतल्या की मोजण्यातली एका पिक्सेलची चूक पाच दहापटींत वाटली जाते. मधल्या रेषाही मी तपासल्या: 512, 422, 332, 242. सगळीकडे 90 चे अंतर आले. ही तपासणी कधीही टाळू नये. अंतरे सारखी नसतील तर अक्ष खरा लॉग अक्ष नसतो, किंवा चित्र स्क्रीनशॉट नसून सभागृहाच्या मागच्या रांगेतून पडद्याचा तिरपा काढलेला फोटो असतो. तिरप्या फोटोत वरच्या आणि खालच्या दहापटी वेगवेगळ्या लांबीच्या होतात, आणि मग पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

त्यानंतर बिंदू. ठिपका आठ-दहा पिक्सेल रुंद असतो आणि त्याच्या कडा पुसट असतात. म्हणून त्याची वरची व खालची कड मोजून दोहोंची सरासरी घ्यावी. 1971 चा ठिपका 569 वर आला, 2000 चा 186 वर. फरक 383 पिक्सेल. आता दोन्ही किमती वेगवेगळ्या वाचण्याची गरजच उरत नाही, कारण वाढीच्या दरासाठी लागते ते गुणोत्तर, आणि गुणोत्तर या अंतरातच आहे.

```
R = 10^(383/90)
g = R^(1/29) - 1
```

383 भागिले 90 म्हणजे 4.256 दहापटी, म्हणजे सुमारे 18,000 पट. त्याचे 29 वे मूळ 1.402, म्हणून वाढीचा दर वर्षाला 40.2 टक्के. 18,000 ला सरळ 29 ने भागण्याचा मोह होतो, पण ही चक्रवाढ आहे, सरळव्याज नव्हे. कॅल्क्युलेटरवर मूळ काढणे जिवावर येत असेल तर 4.256 ला 29 ने भागावे आणि मिळालेल्या 0.1467 ला 10 च्या घातांकात ठेवावे, उत्तर तेच येते. दुप्पट होण्याचा काळ हवा असेल तर 0.301 ला 0.1467 ने भागावे. तो सुमारे 2.05 वर्षे येतो. Intel चे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांनी 1965 साली दरवर्षी दुप्पट होईल असे लिहिले होते आणि 1975 मध्ये तो काळ दोन वर्षांवर आणला. आपल्या मोजणीतून निघालेला आकडा त्यांच्या या दुसऱ्या अंदाजाला येऊन भिडतो.

आता ताळा. 4004 मध्ये 2,300 ट्रान्झिस्टर होते आणि त्या Pentium 4 मध्ये 4.2 कोटी. या आकड्यांवरून दर 40.3 टक्के येतो, आणि आपण चित्रावरून काढलेला 40.2 आहे.

ही अचूकता कुठून येते? एका पिक्सेलची किंमत 10 चा 1/90 वा घात, म्हणजे सुमारे 2.6 टक्के. लॉग अक्षाचा मोठा गुण असा की ही 2.6 टक्क्यांची चूक तळाशी, मध्ये आणि शिखरावर सारखीच असते. साध्या अक्षावर तळाचा बिंदू एका पिक्सेलने चुकला तर त्याची किंमत कित्येक पटींनी बदलू शकते. समजा आपले दोन्ही बिंदू एकेका पिक्सेलने विरुद्ध दिशांना चुकले. तरी 383 मध्ये 2 चा फरक पडेल, तो 29 वर्षांत वाटला जाईल आणि दर फक्त पाव टक्का इकडेतिकडे होईल. याउलट आडव्या अक्षावर 1971 ऐवजी 1972 वाचले तर दर 40.2 वरून 41.9 होतो. लोक उभ्या अक्षासमोर भिंग घेऊन बसतात आणि वर्ष अंदाजाने लिहून मोकळे होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. या उदाहरणात वर्षाची चूक पिक्सेलच्या चुकीपेक्षा सहा-सात पटींनी महाग पडते. म्हणून आडव्या अक्षाचेही एका वर्षाला किती पिक्सेल हे तसेच काढावे, आणि वर्षाची खूण जानेवारीवर आहे की वर्षाच्या मध्यावर, हेही पाहावे.

चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून लहान होऊन आले तरी पद्धत बिघडत नाही, कारण 90 चे 45 होतील तसे 383 चे 191 होतील. बिघडते ते एवढेच की एका पिक्सेलची किंमत 2.6 वरून सव्वापाच टक्क्यांवर जाते, आणि नंतर चित्र कितीही ताणून मोठे केले तरी हरवलेला तपशील परत मिळत नाही.

एक गंमत आपल्या गावापुरती सांगतो. शून्य मैलाचा दगड नागपुरात आहे, पण लॉग अक्षावर शून्य कुठेच नसते. चित्राची खालची कड म्हणजे काढणाऱ्याने निवडलेला कुठला तरी आकडा, 1,000 असेल किंवा 10 असेल. म्हणून तळापासून बिंदूची उंची मोजून ‘हा त्याच्या दुप्पट उंच आहे’ असे म्हणण्याला काहीच अर्थ नाही. दोन बिंदूंमधले अंतर मात्र तळ कुठेही असला तरी बदलत नाही. आणखी एक सापळा अक्षाच्या लेबलांचा. काही आलेखांवर 3, 4, 5 असे आकडे असतात आणि बाजूला बारीक अक्षरांत log10 असे लिहिलेले असते. तिथे 3 पासून 4 पर्यंतची वाढ तेहतीस टक्के नसते, दहापट असते.

दोन बिंदू निवडण्यातही निर्णय असतोच. याच आलेखात 1993 चा Pentium आहे, 31 लाख ट्रान्झिस्टरांचा. 1971 ते 1993 घेतले तर दर 38.8 टक्के येतो, 1993 ते 2000 घेतले तर 45 टक्के. दोन्ही बरोबर आहेत. लॉग अक्षावर मधले बिंदू सरळ रेषेत असतील तरच दोन टोकांचा दर संपूर्ण काळाला लागू पडतो. रेषा वाकलेली असेल तर मिळालेला दर ही केवळ सरासरी, आणि सर्व बिंदूंमधून पट्टीने एक रेषा ओढून तिचा चढ मोजणे अधिक प्रामाणिक.

शेवटी ही पद्धत कुठे तोकडी पडते ते पाहू. नागपूर शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 20.52 लाख होती आणि 2011 मध्ये 24.06 लाख. वाढ 1.17 पट, म्हणजे वर्षाला 1.6 टक्के. हे दोन आकडे आपल्या त्याच 90 पिक्सेलच्या अक्षावर मांडले तर दोन ठिपक्यांमध्ये अंतर पडते जेमतेम सहा पिक्सेल. कोणी पाच वाचले तर दर 1.3 टक्के निघतो, सात वाचले तर 1.8. दोघांनीही काळजीपूर्वक मोजलेले असू शकते. अक्ष पाच दहापटींचा आणि बदल दहापटीच्या चौदाव्या भागाहून लहान, अशा वेळी पिक्सेल मोजत बसू नये, जनगणनेचा तक्ता काढावा.