आंबट व्हायला दोन दिवस, बिअर व्हायला दोन वर्षं

(दृश्य: माळ्यावरचं तांब्याचं रुंद, उथळ भांडं. कडेपर्यंत वाफ. छताजवळचे झरोके उघडे.)

निवेदन:
ब्रुसेल्समधला अँडरलेख्ट हा भाग. इथली कांतियों ही ब्रुअरी १९०० पासून चालू आहे. दुपारभर उकळलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा अर्क आता माळ्यावरच्या या भांड्यात ओतलाय. भांडं जेमतेम काही इंच खोल, पण खोलीभर पसरलेलं. रात्रभरात तो आपोआप थंड होईल आणि सकाळी खाली पिंपांत उतरवला जाईल. यीस्ट कुणीही टाकणार नाही.

या बिअरचं नाव लॅम्बिक. ब्रुसेल्स आणि त्याच्या पश्चिमेचा पायोटनलँड हा तिचा मुलूख. ती करतात फक्त थंडीच्या दिवसांत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात अर्क रात्रीत पुरेसा थंड होत नाही, आणि हवेत नको त्या जिवाणूंची गर्दी असते.

हे दृश्य छायाचित्रकारांना फार आवडतं. वाफ, झरोके, हवेतून उतरणारे अदृश्य जीव... खरं तर या भांड्याला जरा जास्तच श्रेय मिळतं. पुढे कामाला येणारे महत्त्वाचे सूक्ष्मजीव बरेचसे तळघरातल्या जुन्या पिंपांच्या लाकडातच मुरलेले असतात. हवा सुरुवात करून देते, बाकीचं पिंप बघतं.

(दृश्य: तळघर. पिंपांच्या रांगा. एका पिंपावर खडूने लिहिलेली तारीख.)

निवेदन:
आंबटपणा यायला वेळ लागतो म्हणून ही बिअर इतकी वर्षं ठेवतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. आंबट करणं हे अगदी झटपट होणारं काम. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, न घालता अर्क कोमट ठेवा, चाळीस अंशांच्या आसपास, आणि त्यात लॅक्टोबॅसिलस सोडा. एक-दोन दिवसांत अर्क आंबट. मग उकळून जिवाणू मारायचे, नेहमीचं यीस्ट घालायचं, आणि काही आठवड्यांत बिअर तयार. बाजारातल्या बऱ्याच आंबट बिअर अशाच बनतात, आणि त्यात काही गैर नाही.

मग हे पिंप दोन-तीन वर्षं कशाची वाट बघतं? आंबटपणा येताना मागे जो पसारा होतो, तो आवरण्याची. आणि शेवटची साखर संपण्याची.

(दृश्य: पिंपाच्या वरच्या भोकातून उसळणारा तपकिरी फेस.)

निवेदन:
समजा, हे पिंप नोव्हेंबरमध्ये भरलं. अर्क साठ-सत्तर टक्के जवाच्या माल्टचा, बाकी न मोडवलेला गहू. हा अर्क काढतानाच एक गोष्ट मुद्दाम अर्धवट ठेवलेली असते. पिष्टाची साखर करणारे विकर काम करत असताना गढूळ पाण्याचा काही भाग बाजूला काढून तापवतात. त्यातले विकर मरतात आणि पिष्ट व डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, तशाच राहतात. साध्या बिअरमध्ये हा दोष समजला गेला असता. इथे ती पुढच्या दोन वर्षांची शिधाशिदोरी आहे.

हॉप्सही वेगळे. दोन-तीन वर्षं ठेवून जुने केलेले. कडवटपणा जवळजवळ गेलेला, पण काही जिवाणूंना थोपवण्याची ताकद शिल्लक. लॅक्टोबॅसिलसला हॉप्स सोसत नाहीत, म्हणून मघाचा तो झटपट आंबट करणारा गडी या पिंपात फारसा वाढत नाही.

पहिले काही आठवडे आतड्यांतल्या जिवाणूंचे नातेवाईक, म्हणजे एंटरोबॅक्टेरिया, आणि काही रानटी यीस्ट मिळून साध्या साखरेवर ताव मारतात. या काळातला वास कुजक्या भाजीचा असतो. हे जिवाणू बायोजेनिक अमाइन नावाची नको असलेली रसायनंही बनवतात, म्हणून काही ब्रुअर अर्कात आधीच थोडं लॅक्टिक अॅसिड घालून त्यांचा मार्ग बंद करतात. एरवी ते आपसूकच संपतात. अल्कोहोल वाढलं, सामू म्हणजे पीएच खाली गेला, की त्यांचा टिकाव लागत नाही.

मग येतं सॅकरोमायसिस, म्हणजे नेहमीचं बिअरचं यीस्ट. वरच्या भोकातून फेस उतू जातो तो याच काळात. तो ओसरला की भोक बंद होतं. तीन-चार महिन्यांत हे यीस्ट सोपी साखर संपवतं आणि थांबतं. लांब साखळ्या तोडण्याची हत्यारं त्याच्याकडे नाहीत.

या टप्प्यावर चव घेतली तर हाती काय येतं? एक सपक, किंचित आंबूस, अल्कोहोल असलेलं पाणी. आंबट बिअर नव्हेच.

(दृश्य: उन्हाळा. तळघरातला थर्मामीटर. पेल्यात ओतली जाणारी दाट, तारेसारखी बिअर.)

निवेदन:
आता पाळी पेडिओकॉकसची. हा जिवाणू हॉप्सना दाद देत नाही, पण वाढतो फार सावकाश, आणि तळघर उबदार झाल्याशिवाय त्याला जोर येत नाही. वसंत आणि उन्हाळाभर तो लॅक्टिक अॅसिड बनवत राहतो. भरताना पाचच्या आसपास असलेला सामू आता साडेतीनपर्यंत, कधी त्याखालीही घसरतो.

पण पेडिओकॉकस आपल्यामागे कचरा सोडतो. एक, लोण्यासारख्या वासाचं डायअॅसिटिल. दुसरं, साखरेपासून विणलेल्या चिकट साखळ्या, ज्यांनी बिअर बुळबुळीत होते. पेला तिरपा केला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी धार लोंबते. ब्रुअर अशा पिंपाला आजारी म्हणतात. नवखा माणूस हे पाहून पिंप ओतून देतो. जाणकार त्यावर तारीख टाकतो आणि पुढे जातो.

कारण त्याला ठाऊक असतं, पिंपात अजून एकजण आहे. ब्रेटॅनोमायसिस. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या यीस्टची ओळख जगाला करून दिली. लाकडाच्या रंध्रांत ते वर्षानुवर्षं तग धरतं. आम्ल सोसतं, अल्कोहोल सोसतं, उपासमारही सोसतं. आणि सॅकरोमायसिसकडे नसलेली हत्यारं त्याच्याकडे असतात. डेक्स्ट्रिनच्या साखळ्या ते एकेक कडी करत तोडतं. पेडिओकॉकसची बुळबुळ तोडतं. डायअॅसिटिलही पचवतं.

फक्त, हे सगळं ते घाई न करता करतं. जोर धरायलाच त्याला आठेक महिने जातात. अन्न तुटपुंजं, आम्ल भरपूर, तळघर पुन्हा थंडावलेलं. भरताना १.०५० असलेली अर्काची घनता, म्हणजे त्यात किती साखर उरलीय याचं माप, मुख्य आंबवणीत झपाट्याने उतरते, आणि उरलेली थोडीशी उतरायला दीड-दोन वर्षं लागतात. याच संथ काळात घोड्याच्या खोगिराची, जुन्या चामड्याची आणि फळांची आठवण देणारे वास बिअरमध्ये येतात. ते ब्रेटॅनोमायसिसचेच.

(दृश्य: पिंपाच्या पुढच्या फळीतला बारीक खिळा. तो उपसला जातो, बारीक धार पेल्यात पडते, खिळा परत जागी.)

निवेदन:
या काळात माणसाने करायचं काम म्हणजे हात आवरणं. पिंपातली बिअर हळूहळू उडते, वर मोकळी जागा होते, आणि पृष्ठभागावर यीस्टची सुरकुतलेली साय धरते. ती मोडायची नाही. म्हणूनच काही ब्रुअर भोक न उघडता, फळीत ठोकलेला खिळा काढून नमुना घेतात. हवा आत गेली की अॅसिटोबॅक्टर जागा होतो आणि अल्कोहोलचं व्हिनेगर करायला लागतो. लॅक्टिक आंबटपणा जिभेवर गोलसर लागतो. व्हिनेगरचा घशाला झोंबतो, आणि त्याच्याबरोबर नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो. बुळबुळीत पिंप वाट पाहून सुधारतं. हा वास ठळक झालेलं पिंप मात्र कितीही थांबलात तरी सुधारत नाही.

(दृश्य: टेबलावर पेले. प्रत्येकासमोर पिंपाचा क्रमांक. शेजारी घनतामापक.)

निवेदन:
आता गूझ. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचं मिश्रण, जे बाटलीत पुन्हा आंबतं. ‘आउदे गूझ’ हे नाव युरोपियन संघात संरक्षित आहे. त्यासाठी मिश्रणातली सर्वांत जुनी लॅम्बिक किमान तीन वर्षांची लागते.

घाईची किंमत इथे मोजता येते. घनता ०.००१ ने घटली की बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा, एक वर्षाच्या लॅम्बिकची घनता १.०१०, दोन वर्षांची १.००४, तीन वर्षांची १.००२. निम्मी तरुण, बाकी निम्म्यात उरलेल्या दोघी सारख्या. मिश्रण होतं १.००६५. ब्रेटॅनोमायसिस ते १.००२ पर्यंत खाली नेईल असं धरलं, तर घट ०.००४५, म्हणजे सव्वादोन आकारमानं वायू. आधीपासून विरघळलेला सुमारे एक धरून सव्वातीन. शॅम्पेनच्या जाड बाटलीत हे छान बसतं.

आता कुणी एक वर्षाचीच लॅम्बिक, घनता स्थिर दिसली म्हणून, साध्या बिअरच्या बाटलीत भरली तर? घट ०.००८, वायू चार आकारमानं, अधिक आधीचा एक. नेहमीच्या बिअरमध्ये अडीचच्या आसपास असतो. ती बाटली कपाटात फुटू शकते. आणि गंमत अशी, की भरताना घनता खरोखरच स्थिर असते. आठवडाभर काटा हलत नाही म्हणजे आंबवणी संपली, हा साध्या बिअरचा नियम इथे लागू पडत नाही. ब्रेटॅनोमायसिसचं मोजमाप महिन्यांनी करायचं असतं.

(दृश्य: आडव्या रचलेल्या बाटल्यांच्या भिंती.)

निवेदन:
बाटली भरल्यावरही विक्री लगेच होत नाही. वायू तयार व्हायला काही महिने लागतातच. शिवाय भरताना आत गेलेल्या प्राणवायूमुळे कधीकधी एक विचित्र दोष उपटतो. वासात काहीच कळत नाही, घोटही बरा लागतो. गिळल्यावर काही सेकंदांनी मात्र घशामागून उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर येते. टेट्राहायड्रोपिरिडिन नावाची संयुगं यामागे असतात. बिअरच्या आम्लात ती उडत नाहीत. तोंडातल्या लाळेने आम्ल सौम्य झालं की मोकळी होतात, म्हणून चव उशिरा कळते. काहींना तर ती जाणवतच नाही, त्यामुळे चाखायला एकापेक्षा जास्त माणसं लागतात. बहुतेक वेळा काही महिन्यांत हा दोष ओसरतो. तोवर दर थोड्या दिवसांनी एक बाटली उघडायची, गिळायचं, आणि पुढचा घोट घेण्याआधी थांबायचं.