बोललेलं जसंच्या तसं पोचावं म्हणून

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात आमची केळी कापली, माल गेला, आणि पैसे दाजींच्या खात्यावर यायचे होते. मी बांधावर उभा राहून फोनमध्ये बोललो, "दाजी, केळीचे पैसे मिळाले?" शेवटी आवाज वर नेला, जसा आपण प्रश्न विचारताना नेतो. फोनने लिहिलं, "दाजी केळीचे पैसे मिळाले". मी न वाचता पाठवून दिलं. दाजींना वाटलं, पैसे मला परस्पर मिळाले. त्यांनी व्यापाऱ्याकडे विचारणं थांबवलं. मी त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसलो. चार दिवस गेले.

त्या चार दिवसांनी मला एक गोष्ट कायमची शिकवली. मराठीत प्रश्न आणि विधान यांतला फरक पुष्कळदा फक्त सुरात असतो. "गाडी आली." आणि "गाडी आली?" यांत शब्द तेच. समोरचा माणूस सूर ऐकतो. फोन आपला आवाज ऐकून शब्द लिहितो, पण सुराचं चिन्ह आपणहून टाकेलच असा भरवसा नाही. म्हणून सूर आपण शब्दांत घालायचा. "पैसे मिळाले का" असं म्हणायचं. शेवटचा 'का' आला की चिन्ह राहून गेलं तरी वाचणारा चुकत नाही. माझ्या मते बोलून लिहिणाऱ्याने ही एक सवय सगळ्यात आधी लावून घ्यावी.

आता मुळापासून सांगतो. गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिली. मराठीसह आठ भारतीय भाषा तेव्हा एकदम आल्या. अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड नावाचा कीबोर्ड असतो, त्याच्या वरच्या पट्टीत माइकचं छोटं चित्र दिसतं. ते दाबायचं आणि बोलायचं. इथे नवीन माणूस हमखास फसतो. व्हॉट्सअॅपमध्ये लिहायच्या चौकटीशेजारी आणखी एक माइक असतो. तो दाबून धरला तर आपला आवाजच रेकॉर्ड होऊन जातो, अक्षरं उमटत नाहीत. आपल्याला हवा तो कीबोर्डवरचा माइक.

माइक दाबण्याआधी स्पेसबारवर कोणती भाषा लिहिली आहे ते पाहा. मराठी नसेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'भाषा' उघडून मराठी जोडा. इंग्रजी चालू असताना मराठी बोललात, तर इंग्रजी अक्षरांत काहीतरी भलतंच उमटतं. ते लगेच कळतं. हिंदी चालू असेल तर मात्र लवकर लक्षात येत नाही, कारण लिपी तीच. त्याची खूण सांगतो: 'आहे'च्या जागी 'है' यायला लागलं, 'ळ'चा सारखा 'ल' व्हायला लागला, किंवा पूर्णविराम म्हटल्यावर ठिपक्याऐवजी उभी रेघ आली, तर आधी भाषा तपासा. तोवर एकही शब्द दुरुस्त करत बसू नका.

आता विरामचिन्हं. ती तोंडाने सांगायची असतात. 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'प्रश्नचिन्ह', आणि खाली नव्या ओळीवर जायचं असेल तर 'नवीन ओळ'. पण सगळ्या फोनवर हे सगळे शब्द सारखे चालत नाहीत. एखाद्या फोनवर चिन्ह उमटतं, तर एखाद्यावर 'पूर्णविराम' हा शब्दच अक्षरांत लिहिला जातो. म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर एक चाचणी घ्या. स्वतःलाच पाठवायचा निरोप उघडा आणि बोला: "दाजी स्वल्पविराम पैसे मिळाले का प्रश्नचिन्ह नवीन ओळ गाडी उद्या नको स्वल्पविराम परवा सकाळी सहा वाजता पाठवा पूर्णविराम".

पडद्यावर दोन ओळी दिसायला हव्यात. पहिलीत दाजी, मग स्वल्पविराम, पैसे मिळाले का, आणि प्रश्नचिन्ह. दुसरीत गाडी उद्या नको, स्वल्पविराम, परवा सकाळी सहा वाजता पाठवा, आणि शेवटी ठिपका. जे चिन्ह आलं ते तुमच्या फोनवर चालतं. जिथे चिन्हाऐवजी शब्द आला, तिथे पुन्हा एकदा तो शब्द न तोडता, एका दमात म्हणून पाहा. 'पूर्ण' म्हणून थांबलात आणि मग 'विराम' म्हणालात, तर फोनला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तरीही नाही आलं, तर ते चिन्ह हाताने टाकायचं, हे एकदाचं ठरवून टाका. त्या गाडीच्या वाक्यातला 'नको' नंतरचा स्वल्पविराम तर हाताने टाकावा लागला तरी टाकाच. नाहीतर ड्रायव्हर 'उद्या' वाचेल की 'नको परवा' वाचेल, सांगता येत नाही.

आता आपल्या खान्देशाची अडचण. घरात आपण अहिराणी बोलतो, लेवा बोली बोलतो. 'आहे'ला 'शे' म्हणतो, 'पाणी'ला 'पानी', 'डोळा'ला 'डोया', 'काळा'ला 'काया'. कीबोर्डच्या कानाला माहीत आहे ती प्रमाण मराठी. त्यामुळे 'केयी' म्हटलं की तो 'केली' लिहून मोकळा होतो, आणि "केळीचा भाव"च्या जागी "केलीचा भाव" उमटतं. बोलीत काही खोट नाही, ती आपली माय आहे. पण या माइकपुढे 'ळ' आणि 'ण' जरा ठसठशीत म्हणावे लागतात. आणि शब्द एकेक सुटा करून बोलू नका. पूर्ण वाक्य नेहमीच्या गतीने बोला, कारण फोन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतो. "केळीचा भाव काय निघाला" असं पूर्ण म्हटलं, तर 'भाव' ऐकून 'केळी' सापडायची शक्यता वाढते.

चूक झालीच तर सगळं पुसून पहिल्यापासून बोलायची गरज नाही. चुकलेल्या शब्दावर बोट दाबून धरा, तो निवडला जाईल. मग माइक दाबून तेवढाच शब्द पुन्हा म्हणा, जुन्याच्या जागी नवा बसतो. दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा बोलू नका, टाइप करा. गावांची आणि माणसांची नावं अशीच अडतात. त्यासाठी जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'शब्दकोश' आहे, त्यात 'वैयक्तिक शब्दकोश'. तिथे नाव पूर्ण लिहायचं आणि शेजारी दोन अक्षरांचा शॉर्टकट द्यायचा. नंतर ती दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव वरच्या पट्टीत येतं. याने माइकची ऐकण्याची चूक जात नाही, पण हाताने दुरुस्त करणं सोपं होतं.

आकड्यांबाबत मी फार जपतो. भाव सांगताना 'सव्वादोन हजार' म्हणू नका, 'दोन हजार दोनशे पन्नास' म्हणा. 'त्रेपन्न' आणि 'त्रेसष्ट' असे जवळचे आकडे पाठवण्याआधी डोळ्यांनी तपासा.

मोटार चालू असलेल्या विहिरीजवळ किंवा घोंघावत्या वाऱ्यात माइक दाबू नका. आडोशाला या, फोन तोंडापासून वीतभर धरा. रेंज नसेल तरी अडतं, कारण बहुतेक फोनवर मराठी ओळखण्याचं काम इंटरनेटवरून होतं. आणि आधी वाक्य मनात जुळवा, मग माइक दाबा. बोलताना फार वेळ थांबलात तर तो आपोआप बंद होतो, पुढचं बोललेलं हवेत जातं आणि निरोप अर्ध्यावर तुटतो.

दाजींना मी आता असंच लिहितो. परवाचा निरोप होता, "दाजी, खताच्या दहा गोण्या आल्या का?" अर्ध्या तासात त्यांचं उत्तर आलं, "नऊ आल्या, एक उद्या."