वास कमी झाला, दुखणं नाही

नमस्कार मंडळी. आज एक छोटीशी गोष्ट सांगते, बार्शी भागातल्या एका गावातली.

आशाताई काकूंच्या परसात गेल्या, तेव्हा गोठ्यामागे फडक्यांच्या घड्या वाळत होत्या. चारपाच. काकूंची पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. घड्यांवर मांस धुतल्यावर पाण्याला येतो तसा फिका तांबूस डाग होता.

"काकू, अंगावरून जातंय का?"

काकूंनी आधी मान फिरवली. मग म्हणाल्या, "उष्णतेचं आहे गं. गोळ्या आत ठेवल्या की आठ दिवस वास जातो, बरं असतं."

आशाताई ओसरीवर बसल्या. "किती वेळा ठेवल्या?"

"तीनदा."

"मग ऐका. गर्भपिशवीच्या तोंडावर गाठ असली, की तिचा वरचा भाग कुजतो, त्यात जंतू होतात, म्हणून वास येतो. गोळीनं जंतू मरतात, वास जातो. गाठ तिथंच राहते. पाळी गेल्यावर एक थेंब रक्त दिसलं तरी आत बघायलाच हवं."

"पुरुष डॉक्टर असला तर?"

"बाई डॉक्टर कधी असतात ते विचारून ठेवलंय. मी बरोबर येते. तपासणीआधी दोन दिवस आत गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका. रक्त जात असलं तरी चालेल, थांबायचं नाही. रेशनकार्ड आणि आधार घ्या. पुढं उपचार लागले तर जनआरोग्य योजनेला लागतील."

इथं एक नीट ऐका. कर्करोग तपासणीच्या शिबिरात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून, मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का ते बघतात. ती तपासणी काही त्रास नसलेल्या बायकांसाठी. शिवाय पाळी गेल्यावर तो भाग आत सरकतो, नीट दिसत नाही. त्यामुळे काकूंसारखीला "डाग नाही, जा घरी" म्हणणं घातक. म्हणून आशाताईंनी त्यांना शिबिरात नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं.

डॉक्टरांनी चिमट्यासारखं यंत्र आत सरकवून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पिशवीच्या तोंडावर फुलकोबीसारखी खरबरीत वाढ होती, बोळा लागताच रक्त आलं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बाटलीत ठेवला. काकूंना चिमटा बसल्यासारखं वाटलं, तेवढंच. रक्त थांबेपर्यंत आत पट्टी ठेवली होती.

अहवालात कर्करोग निघाला. पुढच्या तपासण्यांत तो पिशवीच्या आसपासच असल्याचं दिसलं, आणि किरणांचा शेक द्यायचं ठरलं, सोबत सलाईनमधून औषध.

पहिल्या शेकाच्या दिवशी काकूंनी गाडीत बसताना आशाताईंना विचारलं, "सुनेला तीस पूर्ण झाली. ते व्हिनेगरचं तिला चालेल ना?"

"तिला काही त्रास नाही ना?"

"नाही."

"मग चालेल. या महिन्याची पाळी संपली की आणा."